दोन पर्याय उरल्यावर उत्तर लिहावे की प्रश्न सोडावा?

“सर, चारपैकी दोन पर्याय उडवले की उरलेल्या दोनांत माझं हमखास चुकतं. निगेटिव्ह मार्किंगच्या धास्तीनं मागच्या पूर्वपरीक्षेत असे सगळे प्रश्न सोडून दिले आणि कटऑफ थोडक्यात हुकला. अभ्यासिकेतल्या मैत्रिणी म्हणतात की पंच्याऐंशी तरी अटेम्प्ट करायलाच हवेत. नेमके किती प्रश्न सोडवायचे आणि कुठे थांबायचे?”

ही विद्यार्थिनी गडहिंग्लज तालुक्यातील असून कोल्हापूरच्या राजारामपुरीत खोली घेऊन राज्यसेवेची तयारी करत होती. तिला किती प्रश्न सोडवायचे याचा एखादा आकडा मी दिला नाही, कारण असा आकडा प्रश्नपत्रिका हातात पडण्यापूर्वी ठरवताच येत नाही. सोपी प्रश्नपत्रिका आली तर पंच्याऐंशी प्रश्न कमी पडतात आणि अवघड आली तर तोच आकडा गाठण्याच्या नादात डोळे झाकून गोळे रंगवले जातात. ठरवायचे असते ते प्रत्येक प्रश्नापुरते, आणि त्यासाठी आधी दंडाचे गणित हाताशी असावे लागते.

राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न आणि २०० गुण असतात. बरोबर उत्तराला २ गुण मिळतात, तर चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश, म्हणजे अर्धा गुण वजा होतो. याचा अर्थ एका बरोबर उत्तराची कमाई चार चुका गिळू शकते. पाच प्रश्नांपैकी एकच बरोबर आला तरी हिशेब शून्यावर येतो. त्याहून अधिक बरोबर आले की फायदाच होतो. म्हणून या पेपरात ‘लिहावे की सोडावे’ याची सीमारेषा २० टक्के अचूकतेवर आहे. दोन पर्याय उरलेले असताना निव्वळ नाणे उडवले तरी अचूकता ५० टक्क्यांच्या आसपास राहते आणि प्रत्येक प्रश्नामागे सरासरी पाऊण गुण पदरात पडतो. तीन पर्याय उरले असतील तर सरासरी एक तृतीयांश गुण मिळतो. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील, तर सरासरी लाभ एक अष्टमांश गुणाचा, म्हणजे जवळजवळ नगण्य असतो.

सीमारेषा परीक्षेप्रमाणे बदलते, हेही येथे सांगायला हवे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत दंड एक तृतीयांश असल्याने ती २५ टक्क्यांवर जाते आणि आंधळ्या अंदाजातून सरासरी काहीच हाती लागत नाही. नीटमध्ये अधिक चार, वजा एक असे प्रमाण असल्याने ती पुन्हा २० टक्क्यांवर येते. एमएचटी-सीईटीमध्ये नकारात्मक गुणच नाहीत, त्यामुळे तेथे एकही प्रश्न कोरा ठेवण्याचे कारण नाही.

या हिशेबाने पाहता, दोन पर्याय उरलेले प्रश्न सोडून देणे हाच तिचा सर्वांत महागडा निर्णय होता. परंतु ‘माझं हमखास चुकतं’ या तिच्या वाक्याला गणिताने उत्तर मिळत नव्हते. एखाद्याची अचूकता खरोखरच २० टक्क्यांखाली असेल, तर हे सगळे गणित त्याच्यापुरते उलटते. तिची अचूकता किती आहे, हे तिला ठाऊक नव्हते. चुकलेले प्रश्न लक्षात राहतात आणि बरोबर आलेले विसरले जातात, एवढेच तिच्या बाबतीत मला ठाऊक होते. म्हणून मी तिला टेस्ट सिरीजचे पुढचे तीन पेपर एका विशिष्ट पद्धतीने सोडवायला सांगितले. एकही प्रश्न सोडायचा नाही. उत्तराचा गोळा रंगवताना प्रश्नपुस्तिकेत प्रश्नक्रमांकाशेजारी, आपल्या मते किती पर्याय शिल्लक उरले होते तो आकडा लिहायचा: उत्तर पक्के असेल तर १, दोनांत अडकले असेल तर २, तसेच ३ आणि ४. जे पर्याय आपण उडवले, त्यांच्यावर पेन्सिलीने काट मारायची. हा आकडा उत्तरतालिका पाहण्यापूर्वीच लिहिलेला असला पाहिजे. नंतर आठवून लिहिलेला आकडा विश्वासार्ह नसतो.

तिन्ही पेपर घेऊन ती आली तेव्हा आम्ही ३०० प्रश्नांची बेरीज केली. ‘२’ लिहिलेले प्रश्न ७२ होते. त्यांपैकी ३० बरोबर आले आणि ४२ चुकले होते. म्हणजे ६० गुण मिळाले, २१ कापले गेले आणि ३९ उरले. प्रत्येक पेपरामागे हे १३ गुण होतात, आणि हेच गुण तिने मागच्या परीक्षेत स्वतःहून बाजूला ठेवले होते. ‘३’ लिहिलेल्या ४५ प्रश्नांत १३ बरोबर येऊन निव्वळ १० गुण मिळाले होते. ‘४’ लिहिलेले ५७ प्रश्न मिळून तिन्ही पेपरांत एकूण ४ गुण देऊन गेले होते.

तरीही मला एक गोष्ट खटकत होती. दोन पर्यायांत ७२ पैकी ३० बरोबर, म्हणजे ४२ टक्के. नाणे उडवून येतील त्याहूनही हे कमी. मग तिची ती चुकलेली ४२ उत्तरे आम्ही एकेक करून पाहिली आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला: बरोबर पर्यायावर काट बसली होती का? १९ प्रश्नांत ती बसली होती. म्हणजे शेवटच्या दोनांत बरोबर उत्तर शिल्लकच नव्हते, कोणताही निवडला असता तरी चूकच होणार होती. उरलेल्या ५३ प्रश्नांत, जेथे बरोबर पर्याय जिवंत होता, तिने ३० वेळा तो अचूक उचलला होता, आणि हे प्रमाण निम्म्याहून चांगले आहे. तिचा अंदाज कच्चा नव्हता. तिची काट कच्ची होती. पर्याय उडवण्याच्या युक्त्या शिकवणारे पुष्कळ आहेत, पण आपली काट किती वेळा बरोबर उत्तरावर पडते हे मोजणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटतो.

काट कोठे चुकत होती, हे ‘१’ लिहिलेल्या, पण तशाच काटेने चुकलेल्या एका प्रश्नावरून स्पष्ट होईल. विधाने अशी होती: अ) राज्यसभा कधीही विसर्जित होत नाही. ब) धन विधेयक फक्त लोकसभेतच मांडता येते. क) राज्यसभेचे एक तृतीयांश सदस्य दर वर्षी निवृत्त होतात. पर्याय होते: (१) फक्त अ व ब, (२) फक्त ब व क, (३) फक्त अ व क, (४) वरील सर्व. विधान अ तिला पक्के माहीत होते, म्हणून पर्याय २ तिने उडवला आणि तो योग्यच उडवला. मग विधान ब मधील ‘फक्त’ आणि ‘च’ यांवर तिची नजर गेली. टोकाचे शब्द असलेले विधान चुकीचे असते, असा ठोकताळा तिने कोठेतरी ऐकला होता. त्याच्या भरवशावर तिने ब चुकीचे ठरवले, १ आणि ४ उडवले आणि ३ रंगवला. विधान ब राज्यघटनेनुसार बरोबर आहे. गंमत अशी की ‘कधीही’ हा तितकाच टोकाचा शब्द विधान अ मध्येही होता, पण ते विधान पाठ असल्याने तिला तो दिसलाच नाही.

मी तिला विचारले, “राज्यसभेच्या सदस्याची मुदत किती?”

“सहा वर्षं.”

“मग दर वर्षी एक तृतीयांश सदस्य निवृत्त झाले, तर सगळे सभागृह किती वर्षांत बदलेल?”

ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “तीनच वर्षांत. म्हणजे दर दोन वर्षांनी हवं. क चुकीचं आहे.”

क चुकीचे ठरताच २, ३ आणि ४ हे तिन्ही पर्याय एकदम गळून पडतात आणि केवळ १ उरतो. विधान ब विषयी काहीही माहीत नसताना हे उत्तर निघते. संयोग विचारणाऱ्या प्रश्नांत पर्याय उडवण्याचा खरा मार्ग हाच आहे: ज्या विधानाविषयी आपल्याकडे ठोस माहिती आहे, किंवा जे साध्या हिशेबाने तपासता येते, तेथून सुरुवात करायची आणि ते ज्या पर्यायांत बसत नाही ते कापायचे. संशयाच्या विधानाला हातच लावायचा नाही. काट मारण्यापूर्वी ‘हे मी कशावरून म्हणते?’ याचे उत्तर एका वाक्यात देता आले पाहिजे. ‘शब्द टोकाचा आहे’, ‘मागच्या तीन प्रश्नांचे उत्तर २ आले’, ‘हा पर्याय सर्वांत लांब आहे’ ही कारणे त्या वाक्यात बसत नाहीत. ज्याला कारण नाही तो पर्याय जिवंत ठेवावा. दोनऐवजी तीन पर्याय उरले तरी सरासरी लाभच होतो, मात्र बरोबर उत्तर स्वतःच्या हाताने कापले तर लाभाची शक्यताच संपते.

तिला अनपेक्षित वाटलेली बाब ‘१’ लिहिलेल्या प्रश्नांत निघाली. असे १२६ प्रश्न होते आणि त्यांतील २८ चुकले होते. पक्क्या वाटणाऱ्या उत्तराची चूक दुप्पट बोचते, कारण दोन गुणांची खात्री जाते आणि अर्धा गुण वर कापला जातो. यांतील निम्म्याहून अधिक चुका वाचनाच्या होत्या: ‘अयोग्य विधान ओळखा’ असे विचारले असताना तिने पहिले योग्य विधान दिसताच ते रंगवले होते. यावर मी एकच उपाय सांगितला, की प्रश्नातील ‘अयोग्य’ किंवा ‘नाही’ या शब्दाला गोल करायचा आणि प्रत्येक विधानाशेजारी बरोबर-चूक अशी खूण करूनच पर्यायांकडे वळायचे.

परीक्षेतील क्रम आम्ही असा ठरवला: पहिल्या फेरीत ‘१’चे प्रश्न रंगवायचे आणि बाकीच्यांशेजारी केवळ आकडा लिहून पुढे जायचे, दुसऱ्या फेरीत ‘२’चे सर्व प्रश्न, अपवाद न करता, त्यानंतर ‘३’चे. ‘४’चे प्रश्न मी तिला सोडायला सांगितले. एक अष्टमांश गुणासाठी शेवटची मिनिटे खर्च करण्यापेक्षा ओएमआरवरील गोळे आणि प्रश्नक्रमांक जुळतात का, हे पाहणे मला अधिक मोलाचे वाटते. असे १६ प्रश्न लिहिले तर सरासरी २ गुण वाढतात, पण नशिबाने दोनच बरोबर आले तर ३ गुण कमीही होतात. ज्यांना तरीही ते लिहायचेच असतील, त्यांनी सर्वांसाठी एकच पर्यायक्रमांक आधी ठरवून तोच रंगवावा, कारण अनोळखी प्रश्नात मन नेमके ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दाकडे ओढले जाते, आणि तो शब्द प्रश्नकर्त्याने बहुधा त्यासाठीच ठेवलेला असतो.

पुढच्या दोन पेपरांत ‘२’ लिहिलेले ४६ प्रश्न होते. बरोबर पर्यायावर काट पाच ठिकाणी बसली होती आणि २५ उत्तरे बरोबर आली होती. ‘१’मधील वाचनाच्या चुका कमी झाल्या, ज्या इतर चुका उरल्या त्या बहुतेक अर्थव्यवस्थेच्या प्रश्नांतल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी तिला पुन्हा पुस्तकाकडेच जावे लागणार आहे.