शाखांची बजेटं एकत्र करताना आधी आतले व्यवहार जुळवा

एक उदाहरण धरून सांगतो: एक मिठाईचा कारखाना आणि त्याची दोन दुकानं, प्रत्येकाचं बजेट वेगळं. कारखाना 20 लाखांत तयार झालेला माल दुकानांना 10 टक्के चढवून 22 लाखांना देतो, आणि दुकानं ग्राहकांना 30 लाखांची विक्री धरतात. तिन्ही बजेटं नुसती बेरजेला घेतलीत तर विक्री 52 लाख दिसेल. बाहेरून येणार आहेत फक्त 30. म्हणून कारखान्याची 22 लाखांची विक्री आणि दुकानांची तेवढीच खरेदी, दोन्ही काढायची.

पण काढण्याआधी दोन्हीकडचा आकडा महिनावार जुळतो का ते बघा. कारखान्याने 22 धरले आणि दुकानांनी 21, तर फरक तसाच वजा करून मोकळं होऊ नका. बहुतेकदा एकाने जुना दर धरलेला असतो, किंवा एकाने जीएसटीसकट आकडा लिहिलेला असतो. दोन्ही शाखांच्या माणसांना एकत्र बसवून एकच आकडा ठरवून घ्या.

नवीन माणसाचं हमखास सुटतं ते शिल्लक मालातलं. वर्षअखेर दुकानांत याच मालापैकी 2.20 लाखांचा उरणार असेल, तर त्याचा खरा खर्च 2 लाखच आहे. वरचे 20 हजार अजून कमावलेलेच नाहीत. शिल्लक 2 लाखांवर आणा. कारखान्याचे 2 आणि दुकानांचे 10.20 मिळून दिसणारा एकूण नफा 12.20 ऐवजी 12 लाख येईल. पुढच्या वर्षीच्या सुरुवातीच्या शिल्लकीतही हाच 2 लाखांचा आकडा न्या.

हे सगळं वेगळ्या रकान्यात करा. शाखांच्या मूळ बजेटला हात लावू नका, वर्षभर त्यांची तुलना त्याच्याशीच होणार असते.