दरडावून घेतलेली कबुली टिकत नाही

प्रश्न : माझी मुलगी सीएच्या आर्टिकलशिपच्या दुसऱ्या वर्षात आहे. फर्मने तिला एका कंपनीच्या फॉरेन्सिक ऑडिटवर टाकलंय. विक्री प्रतिनिधींनी खोटी प्रवासबिलं लावल्याचा संशय आहे. ती कागद घरी आणते. मी बँकेतून निवृत्त झालोय. बिलं पाहिली, माणूस चोर आहे हे पाच मिनिटांत कळतं. तिला तीन आठवडे झाले, अजून त्याला समोर बसवलेलंही नाही. मी म्हटलं, दरडावून विचार, कबूल करेल. तर रडायला लागली. सीए सोडून फॉरेन्सिकचा एखादा कोर्स करावा का? की तिचा स्वभावच या कामाचा नाही?

उत्तर : कोर्सचं नंतर बघू. तुमच्या पत्रातल्या एका वाक्याने मी खरोखर अस्वस्थ झालो : ती कागद घरी आणते आणि तुम्ही ते पाहिलेत.

मूळ बिल असो वा झेरॉक्स, ते कुठून आलं, कोणी हाताळलं, कुठे ठेवलं याची नोंद अशा कामात पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते. उद्या प्रकरण खात्यांतर्गत चौकशीत किंवा कोर्टात गेलं, तर समोरचा वकील आधी हेच विचारेल की हे कागद कोणाकोणाच्या हाती होते. त्या यादीत मुलीचे वडील नकोत. तिने आपल्या सीनियरला आजच ही गोष्ट सांगावी, कागद ऑफिसात परत करावेत आणि तशी नोंद करून घ्यावी. रागावतील, पण पुढे कोणीतरी ते उकरून काढण्यापेक्षा हे बरं. तुम्ही पाहिलेली नावं कुठेही बोलू नका.

आता त्या तीन आठवड्यांचं. मी स्वतः हे काम केलंय. तपशील बदलून एक प्रकरण सांगतो, म्हणजे ती काय करत असावी याची कल्पना येईल.

पुण्यातल्या एका प्रतिनिधीची नाशिकच्या लॉजची तीन बिलं होती. जानेवारीतल्या बिलाचा नंबर २१२, फेब्रुवारीतल्याचा २१३, मार्चमधल्याचा २१४. तीन महिन्यांत त्या लॉजवर दुसरं गिऱ्हाईकच आलं नाही का? तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला इथे पाच मिनिटांत चोर दिसला असता. पण लॉजवाला कंपन्यांच्या गिऱ्हाइकांसाठी वेगळं बिलबुक वापरत असेल, तर हेच नंबर अगदी खरे ठरतात. म्हणून क्लेमचा सगळा डेटा कर्मचाऱ्याप्रमाणे न लावता लॉजप्रमाणे आणि बिल नंबरप्रमाणे लावला. तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. दुसऱ्या विभागाच्या एका प्रतिनिधीकडे त्याच लॉजचं फेब्रुवारीचं बिल होतं, तेही कंपनीच्याच नावाचं, आणि त्याचा नंबर होता १४८०. शिवाय २१५ ते २२० हे नंबर आणखी दोन प्रतिनिधींच्या क्लेममध्ये निघाले. म्हणजे एकच कोरं बिलबुक तिघांत फिरत होतं, आणि तिघांचे क्लेम मंजूर करणारा एरिया मॅनेजर एकच.

मग कंपनीच्या गाडीचं फास्टॅगचं स्टेटमेंट काढलं. त्या तारखांना हिवरगाव पावसाच्या टोलनाक्यावर गाडीची नोंदच नव्हती. यानेही माणूस गेलाच नाही असं सिद्ध होत नाही. तो एसटीने गेला असेल, सहकाऱ्याच्या गाडीतून गेला असेल. डेटातून नेमके प्रश्न हाती येतात, उत्तर माणसांकडूनच घ्यावं लागतं.

हे सगळं चालू असताना त्या चौघांना कुणकुणही लागू दिली नव्हती. त्याआधीच कंपनीच्या आयटी विभागाकडून त्यांच्या मेलबॉक्सची प्रत घेतली, जुने मेल आपोआप डिलीट होण्याची सेटिंग बंद केली आणि एक्सपेन्स पोर्टलवर अपलोड झालेल्या मूळ फाइल्स लॉगसकट उतरवल्या. प्रत्येक फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा आकडा, काढून ठेवली. एक अक्षर बदललं तरी हा आकडा बदलतो, त्यामुळे फाइलला कोणी हात लावलेला नाही हे पुढे दाखवता येतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावीच लागते. मूळ फाइल उघडायची नाही, काम प्रतीवर करायचं. थर्मल कागदावरची पेट्रोलची बिलं लगेच स्कॅन करायची, कारण ती पुसट होत जातात. जपण्याच्या हौसेने कोणी गरम लॅमिनेशन केलं तर काळी पडतात.

यानंतर मुलाखती, आणि त्याही कडेकडून आत. आधी अकाउंट्समधली क्लार्क, मग प्रतिनिधी, मॅनेजर सगळ्यात शेवटी. आम्ही दोघं असायचो, एक विचारायचा, दुसरा लिहून घ्यायचा. दाराला कडी नाही आणि माणूस दाराच्या बाजूला बसलेला, म्हणजे पुढे कोणी कोंडून ठेवल्याचा आरोप करू शकत नाही. सुरुवातीचे प्रश्न साधे : नाशिकला जायचं ठरलं की काय काय करता, बुकिंग कोण करतं, पैसे कसे देता, बिल कधी मिळतं. त्याची हकीकत पुरती सांगून झाल्यावर एकेक कागद पुढे ठेवायचा आणि थांबायचं. त्या थांबण्यात त्याला बोलायला जागा मिळते. तिसऱ्या कागदाशी, म्हणजे २१४ आणि १४८० शेजारी ठेवल्यावर, तो म्हणाला, पैसे माझ्याकडे राहिलेच नाहीत. डीलरला रोख द्यायचे असतात, साहेबांनी बिलबुक आणून दिलं. मेलबॉक्समध्ये साहेबांचे तसे मेल सापडले. प्रकरण प्रवासखर्चाचं उरलंच नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्याला दरडावलं असतं तर काय झालं असतं? घाबरून "हो, घेतले" म्हणाला असता, संध्याकाळपर्यंत मॅनेजरने मेल उडवले असते आणि नोकरी एका खालच्या माणसाची गेली असती. कबुली मिळाली की काम झालं, हा समज बँकेतही आहे, पोलिसांतही आहे आणि तो चुकीचा आहे. वरिष्ठाने धमकी देऊन किंवा "सही कर, नोकरी वाचवतो" असं आमिष दाखवून घेतलेली कबुली फौजदारी खटल्यात उभी राहत नाही. खात्यांतर्गत चौकशीतही तो माणूस ती मागे घेतो, आणि मग हाती बाकी काही नसतं. दरडावल्याने खरी माहिती येते असंही नाही. समोरच्याला जे ऐकायचंय ते येतं.

त्यामुळे तिचा स्वभाव या कामाचा नाही, हे मला मान्य नाही. तीन आठवडे माणसाला न बोलावता कागद लावत बसलेली मुलगी बहुधा बरोबर काम करतेय. ती का रडली हे पत्रावरून मला ठरवता येणार नाही. पण ऑफिसात सीनियर सांगतो थांब आणि घरी वडील म्हणतात दरडाव, यात कोणीही रडेल. दोन महिने तिला या कामाबद्दल काहीही विचारू नका.

कोर्सचं थोडक्यात. सीए सोडू नये. सीएंच्या संस्थेचा, म्हणजे आयसीएआयचा, फॉरेन्सिकचा सर्टिफिकेट कोर्स सीए झालेल्यांसाठीच आहे, सीएफई म्हणजे सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर व्हायला परीक्षेबरोबर अनुभवही लागतो, आणि बाजारातल्या तीन महिन्यांच्या कोर्सवर अशा तपासाला कोणी उभं करत नाही. आयसीएआयची फॉरेन्सिकची मानकं १ जुलै २०२३ पासून बंधनकारक आहेत. त्यांत मुलाखतींवर वेगळं मानक आहे, डिजिटल पुराव्यावर वेगळं. ती तिने या महिन्यात वाचावीत आणि प्रत्यक्ष मुलाखत होईल तेव्हा लिहून घेणारी म्हणून बसू द्या, असं सीनियरला विचारावं.