अप्रेझलच्या मीटिंगचा निरोप कसा लिहावा?

प्रश्न: टीममधल्या एकीचं रेटिंग यंदा कमी आलंय. अप्रेझलसाठी वेळ ठरवायची आहे, पण निरोप वाचूनच ती धास्तावू नये. काय लिहू?

उत्तर: धास्ती बहुतेक वेळा कोऱ्या जागेतून येते. शुक्रवारी संध्याकाळी "सोमवारी जरा बोलायचंय" एवढंच लिहिलं, की माणूस तीन रात्री जागतो. म्हणून विषय, वेळ आणि कोण असणार हे सरळ लिहा:

"स्नेहल, सहामाही अप्रेझल सगळ्यांचं या आठवड्यात आहे. तुझं उद्या ११ वाजता ठेवू का? साधारण ४५ मिनिटं, आपण दोघीच. तुझा सेल्फ-रिव्ह्यू सोबत आण. वेळ जमत नसेल तर दुसरी सुचव."

"सगळ्यांचं" हा शब्द खरा असेल तरच वापरा. "काळजी करू नकोस" मात्र लिहू नका, त्यानेच काळजी सुरू होते. "सहज गप्पा" असंही नको. आत कमी रेटिंग ऐकल्यावर तिला फसवल्यासारखं वाटेल आणि पुढचं प्रत्येक निमंत्रण ती संशयाने वाचेल.

निरोप सकाळी पाठवा, म्हणजे ती काही विचारू शकेल. कॅलेंडरवर नोंद 'प्रायव्हेट' करा, नाहीतर शीर्षक इतरांनाही दिसू शकतं. एचआर येणार असेल तर कारणासह आधीच सांगा.