सात-आठ जणांनी वेगवेगळी लिहिलेली प्रकरणं एकाच वर्ड फाइलमध्ये घ्यायची आहेत. सगळीकडे फॉन्ट, समास, हेडिंग सारखं कसं करायचं? काही सोपी ट्रिक आहे का?

'सोपी ट्रिक' वाचलं आणि लिहायला बसले, कारण याच ट्रिकपायी माझे आठ दिवस गेलेत आणि वर बोलणी खावी लागली ती वेगळीच.

आमच्या गावच्या वाचनालयाची स्मरणिका होती. सात लेखक, सात फाइली, सगळं मिळून 94 पानं. मी कॉलेजच्या गेटसमोर बारा वर्षं डीटीपीचं दुकान चालवलंय, प्रोजेक्ट आणि थिसिस जोडून जोडूनच घर चाललंय, म्हणून काम माझ्याकडे आलं, अर्थात फुकट. मी म्हटलं चार दिवस लागतील. तर कार्यवाह (निवृत्त सर आहेत, नाव नको) भर मीटिंगमध्ये म्हणाले, अहो ताई, चार दिवस कशाला, सगळं कंट्रोल ए करायचं, मंगल करायचं, बारा करायचं, झालं, आमचा भाचा अर्ध्या तासात करतो. आणि खरंच त्यांनी भाच्याकडून करून घेतलं आणि रात्री अकराला मला मेल टाकला, 'फायनल फाइल, फक्त नजर टाका'.

नजर टाकली. पान 31 पासून पुढची सतरा पानं marazI अशी. म्हणजे 'मराठी' हा शब्द रोमन अक्षरांत असा दिसत होता. तो लेख आमच्या जुन्या ग्रंथपालांचा, त्यांनी तो शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेला. शिवाजी, कृतीदेव, श्रीलिपी, हे जुने फॉन्ट म्हणजे नुसता मुखवटा असतो हो, आत फाइलमध्ये अक्षरं साधी इंग्रजी किंवा तसलीच चिन्हं, त्यावर देवनागरीची चित्रं चढवलेली. मंगल युनिकोड आहे. मुखवटा काढला की आतलं उघडं पडतं. म्हणून पहिलं काम फॉन्ट बदलणं नाहीच, पहिलं काम प्रत्येक फाइल उघडून मजकुरावर क्लिक करून वर फॉन्टच्या चौकटीत काय नाव येतं ते बघणं, आणि कागदावर लिहून ठेवणं. युनिकोड नसेल ती फाइल आधी कन्व्हर्टरमधून काढायची, मगच जोडायची.

कन्व्हर्टरवरही आंधळा विश्वास नको. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, जशी डोळ्याला दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. कन्व्हर्टर ती उचलून पुढे नेतो, पण जोडाक्षर आलं की कच्चे कन्व्हर्टर अर्ध्या अक्षरानंतरच टाकून मोकळे होतात, मग 'स्थिती'चं 'सि्थती' होतं. यावर माझा उपाय असा की फाइंडमध्ये वेलांटी आणि लगेच पाय मोडायचं चिन्ह, म्हणजे `ि्` एवढंच टाकायचं आणि एकेक बघत जायचं, कारण शुद्ध मराठीत ही जोडी कधीच येत नाही, जिथे सापडेल तिथे चूकच. त्या एका लेखात मला साठच्या वर सापडल्या. आणि लेखात मधेच खरे इंग्रजी शब्द असतील तर ते कन्व्हर्टरमध्ये घालायचे नाहीत, त्यांची देवनागरीत भेळ होते. तळटिपाही वेबपेजवाल्या कन्व्हर्टरमधून येत नाहीत, त्या हाताने परत घालाव्या लागतात. दीड दिवस एकट्या ग्रंथपाल काकांच्या लेखात गेला, तेही मूळ फाइल माझ्या मेलमध्ये होती म्हणून.

बरं, एवढं झाल्यावर वाटलं की बाकीचे लेख तरी भाच्याचे वापरता येतील. तेही नाही. कंट्रोल ए करून मंगल बारा केल्याने हेडिंगसुद्धा बाराचीच झालेली, ते एक असो, पण त्याहून वाईट म्हणजे ते मंगल बारा प्रत्येक शब्दावर वरून चिकटवलेलं असतं. मग तुम्ही स्टाइलमध्ये जाऊन Heading 1 ला सोळा करा नाहीतर वीस करा, हेडिंग जागचं हलत नाही, कारण हाताने दिलेलं फॉरमॅटिंग स्टाइलला दाबून बसतं. सर मला फोनवर म्हणतात, पण दिसतंय ना सगळं सारखं? अहो दिसतंय हो, पण अनुक्रमणिका कशावरून तयार करणार? ती हेडिंगच्या स्टाइलवरून उठते, दिसण्यावरून नाही.

तर मी काय केलं ते सांगते. एक कोरी फाइल घेतली. आधी कागद, Layout मध्ये Size, A4. हे बघाच, कारण दोन जणांच्या फाइली Letter मध्ये होत्या, त्यांना कल्पनाही नव्हती, Letter थोडा रुंद आणि जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर आखूड असतो, समास सारखे ठेवले तरी पानं जुळत नाहीत. मग समास. मग Normal, Heading 1, Heading 2 या तीनच स्टाइल नीट केल्या. यात एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः कितीतरी वेळा पडलेय. वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट समजतो आणि तिचा फॉन्ट आणि साइज वेगळा जपून ठेवतो. Modify Style मधून Format, मग Font उघडलंत की तिथे लॅटिनसाठी एक कप्पा आणि Complex scripts साठी खाली दुसरा. वरच्यात चौदा टाकून ओके केलं तर फक्त इंग्रजी शब्द मोठे होतात, मराठी तिथल्या तिथेच. बोल्डचंही तसंच. दोन्ही कप्पे भरायचे.

मग एकेक लेख आत घेतला. कॉपी-पेस्ट नाही. Insert मध्ये Object च्या बाणाखाली Text from File आहे, तिथून. असं घेतलं की ज्या स्टाइलचं नाव दोन्हीकडे सारखं आहे तिथे तुमच्या फाइलची व्याख्या चालते, आणि तळटिपांचे नंबरही आपोआप पुढे सरकतात. पेस्ट करताना 'फक्त टेक्स्ट' निवडाल तर फॉन्टची कटकट जाईल हे खरं, पण तळटिपाही जातील. एका प्राध्यापक बाईंच्या लेखात एकोणतीस तळटिपा होत्या.

आत घेऊनही लेखकांनी हाताने केलेले उद्योग तसेच येतात. सातपैकी पाच जणांनी हेडिंग म्हणजे मजकूर सिलेक्ट करून बोल्ड आणि अठरा असंच केलेलं. अशा एका हेडिंगमध्ये कर्सर ठेवायचा, Home मध्ये उजवीकडे Select, त्यात Select All Text With Similar Formatting, त्या लेखातली तशी सगळी हेडिंग एकदम निवडली जातात, मग Heading 2 वर क्लिक. मग कंट्रोल स्पेसने वरून चिकटलेला फॉन्ट काढायचा, कंट्रोल क्यूने परिच्छेदाचा इंडेंट आणि अंतर. थांबा, हे करायच्या आधी प्रिंट काढा. कंट्रोल स्पेसने लेखकाने मुद्दाम बोल्ड केलेला शब्दही साधा होतो, कंट्रोल क्यूने कवितेच्या ओळी डाव्या समासाला येऊन चिकटतात. मी प्रिंटवर लाल पेनाने खुणा केल्या आणि परत घातल्या, याहून शहाणी पद्धत असेल कदाचित, मला हीच भरवशाची वाटते. सगळं झालं की View मधून Navigation Pane लावायचा. जे हेडिंग त्या यादीत दिसत नाही ते अजून खोटं आहे.

आता समास, आणि इथे मात्र मी स्वतः माती खाल्ली. एका लेखात देणगीदारांचं रुंद कोष्टक आडव्या पानावर होतं. आडवं पान मधे आलं की त्याच्या आधी आणि नंतर सेक्शन ब्रेक असतो. मला वाटलं उगाच कचरा कशाला, म्हणून कोष्टकाच्या आधीचा ब्रेक डिलीट केला, आणि त्याच्या मागची बारा उभी पानं एका क्षणात आडवी झाली. कारण वर्डमध्ये सेक्शनचे समास, कागद, आडवं-उभं हे सगळं त्याच्या शेवटच्या ब्रेकमध्ये साठवलेलं असतं. ब्रेक काढला की मागचा मजकूर पुढच्या सेक्शनच्या घरात राहायला जातो. कंट्रोल झेड केलं म्हणून वाचले. तेव्हापासून कंट्रोल शिफ्ट 8 दाबून लपलेल्या खुणा दिसू देते आणि ब्रेक काढत बसत नाही, ते राहू देते आणि Page Setup मध्ये Apply to ला Whole document करून समास देते, मग आडवं पान तेवढं हाताने बघते.

ओळींमधल्या अंतराबद्दल एवढंच की मंगल मुळातच ओळ उंच करतो, इंग्रजी शब्द दुसऱ्या फॉन्टात असतील तर ओळी खालीवर वाटतात. त्यावर लोक Exactly अंतर लावतात. लावा, पण आकडा कमी पडला तर वरचे रफार आणि मात्रा कापल्या जातात, 'वर्ष'चं 'वष' दिसेल. एक पान छापून बघा.

हे सगळं वर्डचं झालं. पुस्तक पुढे प्रेसवाला इनडिझाइनमध्ये लावणार असेल तर फॉन्ट आणि समासावर घाम गाळू नका, तो सगळं पुन्हा करतोच, तुम्ही युनिकोड आणि हेडिंगच्या स्टाइल नीट द्या, बस. लिब्रेऑफिसमध्ये मेनू वेगळे आहेत, तिथलं मला विचारू नका. आणि हो, लेखकांना आधीच तयार कोरी फाइल पाठवून 'यातच लिहा' सांगणं हा खरा उपाय, सगळे हेच सांगतील. मी पाठवली होती. सातपैकी एकाने वापरली, आणि तो एकजण वयाने सगळ्यात लहान, अकरावीचा मुलगा.

माझे चार दिवस म्हटलेले आठ झाले, त्यातले अडीच भाच्याची फाइल निस्तरण्यात. ती त्याने पाठवलीच नसती तर कदाचित साडेपाच लागले असते, म्हणजे माझाही अंदाज चुकलाच होता, ते कबूल. पण अर्धा तास? प्रकाशनाच्या दिवशी सर स्टेजवरून परत तेच म्हणाले, हल्ली कॉम्प्युटरमुळे काय, अर्ध्या तासाचं काम. आभाराचं पान सगळ्यात शेवटी आलेलं, तेही मीच लावलं. त्यात 'संगणक साहाय्य' पुढे भाच्याचं नाव आहे. हेडिंग मात्र Heading 1 आहे, कंट्रोल ए वालं नाही.