पिकरचा सुपरवायझर झालास, ते अर्जात कसं लिहायचं

प्रिय,

तुझा नव्या नोकरीचा अर्ज काल रात्री वाचला. 'प्रमोशननंतर १४ जणांची टीम सांभाळली' या एका ओळीत तू सगळं गुंडाळून टाकलंस. त्या १४ जणांपैकी निम्मे कालपर्यंत तुझ्या शेजारी बसून डबा खात होते, हे त्यात कुठे आहे?

आधी तारखा. कंपनी एकच असली तरी पिकर आणि सुपरवायझर अशा दोन वेगळ्या नोंदी कर. तुला तोंडी चार्ज जूनमध्ये मिळाला आणि पत्र ऑक्टोबरमध्ये, म्हणून मधल्या महिन्यांपुढे 'प्रभारी' लिही. नवी कंपनी चौकशी करेल तेव्हा एचआर पत्रावरचीच तारीख सांगणार, आणि तू खोटा नसूनही खोटा ठरशील.

आता खरी गोष्ट. विल्होळीच्या गोडाऊनमधला तो प्रसंग तू मला चहाच्या टपरीवर सांगितला होतास. जुने पिकर रॅकवरच्या बिनचं लेबल स्कॅन न करता पाठ असलेल्या जागेवरून माल उचलायचे. रात्रपाळीने मालाचा बिन बदलला की चुकीचा माल पॅकिंगला जायचा. तूही तीन वर्षं तसंच करत होतास, आणि तेच तुला बंद करायचं होतं. मला वाटतं, तुझ्या अर्जातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

ती अशी लिही: 'मी स्वतः जी सवय पाळत होतो, तीच मोडायची होती. शिफ्ट मीटिंगमध्ये ते कबूल केलं. सर्वांत जुन्या सहकाऱ्याशी एकांतात बोललो, पॅकिंग टेबलवर परत आलेला माल त्याला दाखवला. पहिला आठवडा रोज एक तास मीही स्कॅनर घेऊन पिकिंग केलं. दर हजार ऑर्डरमागे चुकीचा माल ९ वरून ४ वर आला.'

'दर हजार' गाळू नकोस. दिवाळीनंतर ऑर्डरच कमी झाल्या असतील तर चुका आपोआप घटतात, आणि मुलाखत घेणारा जाणकार असेल तर पहिला प्रश्न हाच विचारेल. त्याच महिन्यात रॅकवर नवी लेबलंही लागली होती ना? तेही एका वाक्यात सांग. सगळं श्रेय स्वतःकडे ओढलंस तर दुसऱ्याच प्रश्नाला अडकशील.

तू सुपरवायझर झाल्यावर टीममधल्या मित्राने महिनाभर अबोला धरला होता, तेही विचारतील. त्याला रविवारची सुट्टी रोस्टरप्रमाणेच दिलीस, जास्त नाही आणि कमीही नाही, एवढंच सांग. त्याचं नाव घेऊ नकोस आणि तक्रारीचा सूर लावू नकोस. तो आजही त्याच डॉकवर उभा आहे.

पॅकिंगच्या रजिस्टरमधले आकडे पुन्हा एकदा जुळवून बघ आणि सुधारलेला अर्ज गुरुवारपर्यंत पाठव. शुक्रवारी सातपूरला येतोय, तेव्हा बसून वाचू.

तुझा,
काका