रेक्टरना वाय-फायबद्दल काय लिहावं

प्रश्न: आमच्या हॉस्टेलमध्ये रात्री नेट चालतच नाही. दोन-चार पोरं सगळं ओढतात. सगळ्यांना सारखं नेट मिळावं म्हणून नियम सुचवणारा मेसेज रेक्टरना कसा लिहू?

आधी मेसेजमधून ‘दोन-चार पोरं’ काढा. हे शब्द वाचले की रेक्टर त्या पोरांना शोधायला निघतात, आणि सापडतात ती नेहमी गेम खेळणारी पोरं. मी त्यांतलाच होतो, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलला १०० एमबीपीएसची एकच लाइन होती आणि मुलं सव्वाशेच्या आसपास. रात्री दहानंतर नेट मरायचं. आमच्या मजल्यावरचा प्रतिनिधी, जो स्वतःला नेटवर्कमधला जाणकार समजायचा, त्याने रेक्टरसरांना सांगितलं की गेममुळे सगळा नेट जातो. दुसऱ्या दिवशी मेसच्या दाराशी नोटीस: प्रत्येकाला रोज १ जीबी, आणि गेम खेळताना आढळल्यास कनेक्शन बंद. माझं आणि शेजारच्या खोलीतल्या दोघांचं कनेक्शन त्याच आठवड्यात गेलं.

मोबाइलवर खेळायचा ऑनलाइन गेम तासाला साधारण शंभर एमबीच्या आतच डेटा खातो. त्याला वेग नाही, वेळेवर पोचणारी छोटी पाकिटं लागतात. म्हणूनच नेट तुंबलं की सगळ्यात आधी बोंब मारतो तो गेमवाला, आणि बोंब मारणाऱ्यालाच लोक चोर समजतात. खरं ओढणारे गप्प असतात. लॅपटॉपचे अपडेट, फोनमधल्या फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप, आणि डाउनलोड मॅनेजर लावून लेक्चरचे व्हिडिओ उतरवणारे अभ्यासू लोक. आमचे प्रतिनिधीसाहेब या शेवटच्या गटात होते.

आता त्या १ जीबीचं काय झालं ते ऐका. कोटा रात्री बाराला नव्याने सुरू व्हायचा. त्यामुळे अख्खं हॉस्टेल बाराची वाट बघत बसायचं आणि ठोक्याला सगळ्यांचे डाउनलोड एकदम सुटायचे. ज्यांना बाराच्या सुमारास असाइनमेंट अपलोड करायची असायची ते वैतागायचे. दुपारी लाइन रिकामी पडलेली असायची, पण कोटा संपलेल्याला ती वापरता यायची नाही. कोटा दिवसभराचा डेटा मोजतो आणि भांडण असतं या क्षणाच्या वेगाचं, म्हणून मी कोट्याच्या विरोधात आहे.

प्रत्येकाला कायमचा सारखा वाटा देणं हाही मूर्खपणाच. १०० भागिले १२५ म्हणजे एक एमबीपीएससुद्धा होत नाही. त्यात कोणाचंच भागत नाही. वाटणी हवी ती त्या क्षणी वापरत असलेल्यांमध्ये, आणि १०० पैकी ९० चीच; का ते खाली सांगतो. रात्री अकराला तीसजण खरोखर ओढत असतील तर प्रत्येकी ३, आणि ३ मध्ये साधा व्हिडिओ न अडकता चालतो. दुपारी पाचजण असतील तर प्रत्येकी १८ पर्यंत. हे राउटर आपोआप करू शकतो. नुसतं सोडून दिलं तर मात्र वाटणी माणसागणिक न होता कनेक्शनगणिक होते, आणि डाउनलोड मॅनेजर एका फाइलसाठी सोळा कनेक्शन उघडतो. म्हणजे मेसच्या रांगेत एकाच पोराने सोळा ताटं घेऊन उभं राहायचं.

आमच्याकडे मायक्रोटिकचा राउटर होता. त्यात ही एक ओळ पुरते:

```
/queue simple add name=hostel target=192.168.10.0/23 max-limit=90M/90M queue=pcq-upload-default/pcq-download-default
```

१०० ची लाइन असून ९० लिहायचं, कारण रांग आपल्या राउटरमध्ये लागली तरच वाटणी आपल्या हातात राहते. नेट देणाऱ्या कंपनीच्या टोकाला लागली तर नाही. आणि फायरवॉलमधला फास्टट्रॅक नियम बंद करायचा, नाहीतर बहुतेक ट्रॅफिक या रांगेला वळसा घालून जातं आणि ‘काहीच फरक पडला नाही’ असं सांगत लोक परत कोट्याकडे वळतात.

मी सरांना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हे दाखवलं. रात्री लाइन भरलेली असताना `ping 8.8.8.8` दिलं, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला हाक मारली, की उत्तर यायला सातशे मिलिसेकंद लागायचे. ही ओळ टाकल्यावर तितक्याच गर्दीत चाळीस-पन्नास. सर जुन्या वळणाचे होते, पण आकडे बघून त्यांनी नोटीस काढून टाकली. प्रतिनिधी म्हणाला, मी आधीच हे सुचवणार होतो.

तुमचा मेसेज आटोपशीर ठेवा. मी असा लिहीन:

“आदरणीय सर, रात्री १० ते १२ मध्ये वाय-फाय सगळ्यांनाच मंद मिळतं. सोबत तीन रात्रींचे पिंगचे फोटो जोडले आहेत. विनंती आहे की रोजच्या डेटा-मर्यादेऐवजी राउटरवर, त्या वेळी वापरत असलेल्या सर्वांना समान वेग मिळेल अशी सेटिंग करावी. प्रत्येक विद्यार्थ्याच्या लॉगिनवर दोनच उपकरणं चालावीत. मोठे डाउनलोड आणि अपडेट पहाटे १ ते ६ मध्ये करण्याची सूचना सर्वांना द्यावी. कोणताही ॲप किंवा गेम बंद करण्याची गरज नाही. दोन आठवडे करून पाहावं आणि पुन्हा तेच आकडे मोजावेत. आपला, खोली क्रमांक अमुक.”

दोन उपकरणांची अट सोडू नका. वरची वाटणी उपकरणागणिक होते, त्यामुळे चार फोन जोडणाऱ्याला चार वाटे मिळतील. आणि ही अट लॉगिनवरच ठेवा. फोनचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या वाय-फायचा ओळख क्रमांक, नोंदवून घेण्याचा जुना प्रकार आता भरवशाचा नाही. नवे फोन वाय-फायला मुद्दाम बनावट पत्ता देतात.

मेसेज पाठवण्याआधी एक गोष्ट मात्र तपासा, नाहीतर तोंडघशी पडाल. नेट मंद असताना आधी राउटरलाच पिंग करा. आमच्याकडे `ping 192.168.10.1` होतं. तुमचा पत्ता फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये ‘गेटवे’ म्हणून दिसेल. तिथून दोन-पाच मिलिसेकंदांत उत्तर आलं आणि 8.8.8.8 ला शेकड्यांत, तर लाइन भरलेली आहे आणि वरचं सगळं लागू पडतं. राउटरचंच उत्तर उड्या मारत असेल तर दोष खोलीपर्यंतच्या रेंजचा आहे: जाड भिंती, किंवा एकाच चॅनलवर लावलेले वाय-फायचे सगळे डबे. अशा वेळी समान वाटणी मागून उपयोग नाही. पॅसेजमध्ये आणखी एक डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, मागा आणि शेजारशेजारचे डबे १, ६, ११ अशा वेगळ्या चॅनलवर लावायला सांगा. रेक्टरना हे आकडे कळणार नाहीत, पण नेटचं काम बघणाऱ्याला कळतील, म्हणून मेसेजची एक प्रत त्यालाही द्या.

आणि कोणी गेमवाल्यांची नावं जोडायला सांगितली, तर त्याच्या लॅपटॉपवर डाउनलोड मॅनेजर आहे का ते आधी बघा.