‘मीच’मधला ‘च’

“मॅडम, मी नागपुरात एका पतसंस्थेत काम करते. दीड महिना खपून केलेलं माझं काम सहकाऱ्याने आढावा बैठकीत मांडलं आणि शाबासकी त्याला मिळाली. रागाच्या भरात मी व्यवस्थापक सरांसाठी व्हॉट्सअॅपवर मेसेज लिहून ठेवलाय, अजून पाठवला नाही. गप्प बसले तर माझं नाव कुठेच येणार नाही. बोलले तर भांडकुदळ ठरेन. काय करू?”

पाठवला नाहीस हे फार चांगलं झालं, आणि पुसूनही टाकू नकोस, ये घेऊन, असं मी तिला फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, महालातून भर पावसात गाडी चालवत ती धरमपेठेत माझ्याकडे आली. पुढची हकिकत तिच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मेसेज मी तिला कागदावर उतरवायला लावला. फोनवर वाचताना अंगठा ‘पाठवा’च्या बाणाभोवतीच फिरत राहतो. कागदावर तो असा उतरला :

“सर, आज मीटिंगमध्ये झालं ते मला अजिबात पटलं नाही. यादी मीच केली, रात्री जागून केली, आणि श्रेय घेऊन गेले ते. त्यांना तर साधा फिल्टर लावता येत नाही. मशीनमध्ये जुने नंबर राहिलेत हे मीच शोधलं, 37 खाती मीच काढली. दर वेळी हेच होतं. तुम्हालाही माहीत आहे, पण तुम्ही त्यांनाच सांभाळता. मी काय बिनपगारी मुनीम आहे का?”

मी तिच्या हातात पेन्सिल दिली. म्हटलं, उद्या एखादा तिऱ्हाईत माणूस तुमच्या ऑफिसात आला आणि त्याने फाइल उघडून पाहिली, तर यातलं काय काय त्याला तिथे सापडेल? तेवढ्याखालीच रेघ ओढ. तिने तीन ठिकाणी ओढली : यादी केली, जुने नंबर शोधले, 37 खाती काढली. ‘रात्री जागून’पाशी पेन्सिल थांबली. जागणं फाइलीत दिसत नाही, पण तारखा दिसतात. म्हणून तिथे अर्धी रेघ ओढली आणि बाजूला तारखा लिहिल्या, 2 जून ते 11 जुलै.

बाकीचा मजकूर खोटा होता असं मी म्हणणार नाही. तो दुखावलेल्या माणसाचा होता आणि तो बोलायची जागा माझी खोली होती. पहिली वीस-पंचवीस मिनिटं आम्ही त्यातच घालवली, आणि ती घालवावीच लागतात. सरांना आता मेसेजऐवजी मेल लिहायचा होता. राग आधी कुठेतरी ऐकला गेला नाही, तर तो मेलमध्ये शिरतो, कितीही सभ्य शब्द वापरले तरी.

मग काम समजून घेतलं. दैनिक ठेवीचे, म्हणजे पिग्मीचे, प्रतिनिधी दुकानादुकानांतून पैसे गोळा करतात आणि हातातल्या मशीनमध्ये नोंदवतात. ती नोंद संध्याकाळी संस्थेच्या खतावणीत येते. काही खात्यांत दोन्हींचे आकडे जुळत नव्हते. हिने एकेक खातं ताडून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की मुदत संपल्यावर खातं नव्या क्रमांकाने चालू झालं होतं, पण मशीनमध्ये जुनाच क्रमांक राहिला होता. पैसे येत होते, पण बंद खात्याच्या नावावर पडत होते. चांगलं काम होतं. ते सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा शांत झाला.

“बैठकीत ते नेमकं काय म्हणाले? त्यांचे शब्द सांग,” मी विचारलं.

“म्हणाले, आम्ही तपासणी केली आणि 37 खाती निघाली. सर म्हणाले, शाब्बास. आणि हे गप्प राहिले.”

“आणि या कामात त्यांनी काही केलं होतं?”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, प्रतिनिधींना फोन करून मशीनमधले नंबर बदलून घेतले ते त्यांनीच. सादरीकरणही त्यांनीच तयार केलं.

तेव्हा घडलं ते एवढं : तो ‘आम्ही’ म्हणाला आणि शाबासकी आल्यावर गप्प राहिला. त्या गप्प राहण्याचा त्रास होणं साहजिक आहे, मलाही झाला असता. पण ‘श्रेय घेतलं’ हा त्या गप्प राहण्याचा आपण लावलेला अर्थ आहे, आणि तो मेलमध्ये गेला की चर्चा त्या अर्थावर सुरू होते. त्याचा हेतू काय होता, तू गैरसमज करून घेतलास का, यावर. 37 खाती बाजूलाच राहतात.

म्हणून अशा वेळी मी एकच कसोटी लावायला सांगते. त्या सहकाऱ्याने काहीही केलं नसतं, तरी हा मेल पाठवण्याजोगा ठरला असता का? ठरला असता, तर ती कामाची नोंद. नसता, तर ती तक्रार, मग भाषा कितीही गोड असो. तिच्या बाबतीत नोंदीला खरं कारण होतं. 37पैकी 8 खात्यांतल्या तफावतीचं कारण सापडायचं होतं, आणि पुढे लेखापरीक्षणात हे कोणी, कधी तपासलं हा प्रश्न येणारच होता.

पहिला मसुदा तिने तिथेच लिहिला. तो दुसऱ्या टोकाला गेला : “सर, या कामात माझाही थोडासा वाटा होता, एवढंच सांगायचं होतं. चुकत असल्यास क्षमस्व.” हे मी, विशेषतः मुलींच्या बाबतीत, फार वेळा पाहिलं आहे. राग दाबला की माणूस थेट माफीवर येतो. पण दीड महिन्याच्या कामाला ‘थोडासा वाटा’ म्हणणं हेही चुकीची माहिती देणंच आहे. शिवाय वाचणाऱ्याला यातून काय केलं तेही कळत नाही. ‘वाटा’, ‘सहभाग’, ‘मदत’ हे शब्द काढून तिथे क्रियापद लिही, असं मी सांगितलं. ताडून पाहिली. शोधलं. कळवलं.

दुसऱ्या मसुद्यात क्रियापदं आली, पण त्यांच्यासोबत ‘मीच’ आला, ‘खरं तर’ आलं, आणि सुरुवातीला ‘गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट करते की’ आलं. मी तिला म्हटलं, आता तू तो सहकारी आहेस असं समजून मोठ्याने वाच. ‘हे कारण मीच शोधलं’वर तिचा आवाज आपोआप चढला. आपल्या भाषेत भांडण बहुतेक वेळा त्या एका ‘च’मध्ये असतं. ‘मी शोधलं’ ही माहिती झाली. ‘मीच शोधलं’ म्हटलं की ‘त्याने नाही’ हे न लिहिताही लिहिलं जातं. आवाज चढतो तिथे पेन्सिल टेकवायची आणि तो शब्द काढून वाक्य पुन्हा वाचायचं. वाक्य पूर्ण राहिलं, तर त्या शब्दाची गरज नव्हती. आम्ही चार ‘च’ आणि दोन ‘तर’ काढले.

सर्वांत जास्त वेळ गेला तो सहकाऱ्याने काय केलं ते सांगणाऱ्या एका वाक्यावर. “मॅडम, मी काहून त्यांचं काम लिहू? त्यांनी माझं लिहिलं का?” त्याची दोन कारणं मी सांगितली. पहिलं म्हणजे ते खरं आहे, आणि खरं अर्धवट लिहिलं तर बाकीच्या नोंदीवरही शंका येते. दुसरं, मेलची प्रत त्याला जाणार आहे. त्याचं काम जसंच्या तसं लिहिलेलं असलं, की त्याला खोडून काढण्यासारखं काही उरत नाही. प्रत न देता फक्त सरांना लिहिलं असतं, तर ते कळल्यावर ‘माझ्या पाठीमागे’ हे नवं भांडण सुरू झालं असतं. ती रुसली जराशी, पण लिहिलं तिने.

शेवटी मेल असा झाला. व्यवस्थापकांना उद्देशून, प्रत सहकाऱ्याला, आणखी कोणालाही नाही :

“विषय : दैनिक ठेव तफावत तपासणी – झालेलं काम व उरलेली खाती

मा. महोदय,

सोमवारच्या आढावा बैठकीत दैनिक ठेव तफावतीचा विषय झाला. त्या कामाची नोंद एका ठिकाणी राहावी म्हणून हा मेल.

2 जून ते 11 जुलै या काळात मी प्रतिनिधींच्या मशीनमधील वसुली आणि खतावणीतील नोंदी खातेनिहाय ताडून पाहिल्या. 37 खात्यांत तफावत आढळली. त्यांपैकी 29 खात्यांत नूतनीकरणानंतर मशीनमध्ये जुना क्रमांक राहिला होता; हे कारण मी 19 जूनच्या मेलने कळवलं होतं. प्रतिनिधींशी बोलून मशीनमधील क्रमांक बदलून घेण्याचं काम आणि बैठकीतलं सादरीकरण श्री. … यांनी केलं.

उरलेली 8 खाती मी 31 जुलैपर्यंत तपासते. यापुढे दरमहा ताडणी माझ्याकडे ठेवायची असल्यास कळवावं, म्हणजे ऑगस्टपासून त्यासाठी वेळ राखून ठेवता येईल.

आपली,”

यात पुरावा म्हणून काही जोडलेलं नाही, हे मुद्दाम. 19 जूनचा तिचा मेल सरांकडे आहे आणि फाइलीत कोणत्या तारखेला कोणी काय बदललं ते दिसतं. तारीख लिहिली की पुरे. ती चॅटचे स्क्रीनशॉट जोडणार होती. तसं केलं असतं तर नोंदीचा खटला झाला असता. खात्यांची यादी स्वतःच्या खासगी मेलवर पाठवून ठेवू का, असंही तिने विचारलं. अजिबात नाही. ती ठेवीदारांची माहिती आहे, आणि ती बाहेर गेली तर दोष पूर्णपणे हिचा ठरेल. स्वतःसाठी वहीत तारीख आणि कामाची एक ओळ लिहून ठेवायची, खाते क्रमांक न लिहिता.

मेल त्याच रात्री पाठवायचा नाही, हेही ठरलं. बुधवारी सकाळी चहा-नाश्ता झाल्यावर एकदा वाचून, अकराच्या सुमारास पाठवायचा. रात्री साडेअकराला आलेला मेल सरळ भाषेतला असला तरी रागावलेलाच वाटतो.

सरांचं उत्तर दुपारी आलं : “नोंद घेतली. दरमहा ताडणी तुम्ही पाहावी.” दिलगिरी नाही, कौतुक नाही. ती थोडी हिरमुसली. मी आधीच सांगितलं होतं की असा मेल झालेली शाबासकी परत आणून देत नाही. काम कोणाच्या नावावर आहे एवढंच तो ठरवतो. सहकारी दोन दिवस बोलला नाही. मग चहाच्या वेळी म्हणाला, मेल करायची काय गरज होती? या प्रश्नाची तयारी आम्ही करून ठेवली होती. ती म्हणाली, “लेखापरीक्षणात विचारलं तर दोघांनाही सोपं जाईल ना.” तो बरं म्हणाला आणि चहा पीत राहिला.

एका वेळेसाठी हा मार्ग चालतो. हेच दर महिन्याला होत असेल, तर मेलवर मेल पाठवू नयेत. त्या माणसाशी समोरासमोर बोलावं, बैठकीच्या आधी : “ताडणीचा भाग मी मांडते, मशीनचा तुम्ही मांडा.” तिच्या मेसेजमध्ये ‘दर वेळी हेच’ होतं. मी विचारलं तेव्हा तिला याआधीचा एकच प्रसंग आठवला, म्हणून आम्ही मेलवर थांबलो. आणि श्रेयाच्या जोडीला अपमान किंवा धमकावणं असेल, तर तो वेगळा विषय आहे. तिथे शांत नोंदीच्या मेलने भागत नाही, तिथे रीतसर तक्रारच करावी लागते.

31 जुलैला तिचा फोन आला. आठपैकी सहा खात्यांचं कारण सापडलं होतं, दोन अजून राहिली होती. तसा मेल तिने सकाळीच पाठवला होता, मला न दाखवता.